मालमत्तेच्या पत्रातला आकडा शंका घेऊन परत येतो तेव्हा

लक्षण ओळखीचं आहे. पत्र रवाना होतं, चार-सहा दिवसांनी फोन येतो आणि पलीकडचा माणूस अगदी सौम्यपणे विचारतो, "अहो, हे सहा पॉइंट पाच म्हणजे नक्की किती?" आपण उत्तर देतो, फोन ठेवतो आणि विसरतो. महिन्याभराने दुसऱ्या पत्रावर तसाच फोन. दर वेळी आकडा वेगळा असतो, पण प्रश्न तोच.

मी रोज अशी पत्रं लिहिते आणि दुसऱ्यांनी लिहिलेली तपासते. बरीच वर्षं मला वाटत होतं की समोरचा नीट वाचत नाही. मग एकदा एकाच पत्रावर चार शंका आल्या आणि पत्र पुन्हा वाचल्यावर लक्षात आलं, की चारही शंका रास्त होत्या. ते पत्र (आकडे बदलून) असं होतं:

> आपल्या ०५/०६ च्या पत्रास अनुसरून, ६८.७५ मी. सदनिकेची बाकी ६.५ लाख दहा दिवसांत भरावी. मागील साठवणीची जागा ६ फूट चौरस असून तिचा हिशेब त्याच दराने वेगळा होईल.

दोनच वाक्यं आहेत. लिहिणाऱ्याला यातला प्रत्येक आकडा माहीत होता, म्हणून त्याला एकही खटकला नाही. वाचणाऱ्याने मात्र बाकी काढली ती वेगळी आली, साठवणीची जागा सहापट कमी धरली आणि पाच जूनचं पत्र सहा मेच्या फाइलमध्ये शोधलं. आता एकेक आकडा सोडवू.

"मी." की "चौ. मी.", आणि सहा फूट चौरस

"६८.७५ मी." ही चूक वाचताना हसण्यासारखी वाटते, कारण सदनिका काही लांबीत मोजत नाहीत. पण ही चूक होते कशी ते पाहा. मूळ नकाशात "m²" असतं. ते साध्या मजकुरात चिकटवलं की वरचा छोटा दोन कधी खाली येऊन "m2" होतो, तर कधी गळूनच जातो. मग टंकलेखन करणारा त्याचं प्रामाणिकपणे "मी." करतो. दोन खाली आला तर आणखी वाईट, कारण "६८.७५ मी २" मधला तो दोन पुढच्या शब्दाचा वाटू लागतो. यावर मी एकच उपाय ठेवला आहे. पत्रात चिन्ह वापरायचं नाही, "चौरस मीटर" हे पूर्ण शब्द लिहायचे. तक्त्यात जागा कमी असेल तर "चौ. मी." चालेल, पण तक्त्याच्या डोक्यावर त्याचा पूर्ण अर्थ एकदा द्यायचा.

"६ फूट चौरस" ही आपल्या भाषेतली खास अडचण आहे. "सहा चौरस फूट" म्हणजे क्षेत्रफळ सहा. "सहा फूट चौरस" म्हणजे सहा फूट लांब आणि सहा फूट रुंद असा चौकोन, म्हणजे छत्तीस चौरस फूट. बोलताना दोन्ही शब्दक्रम सर्रास एकमेकांच्या जागी येतात. लिहिणाऱ्याच्या मनात छत्तीस होते, वाचणाऱ्याने सहा धरले. दर चौरस फुटाला ८,५०० रुपये असेल तर छत्तीसचे ३,०६,००० होतात आणि सहाचे ५१,०००. अडीच लाखांहून जास्त फरक केवळ दोन शब्दांची जागा बदलल्याने पडतो. जागा मोठी असती तर कुणीतरी म्हटलं असतं, "बारा चौरस फुटांची गच्ची कशी असेल?" आणि चूक लगेच पकडली गेली असती. पण सहा चौरस फुटांचं कपाट असू शकतं, म्हणून कुणाला संशय आला नाही. दोन्ही अर्थ संभवतात तिथेच हा शब्दक्रम घात करतो.

म्हणून छोट्या जागेचं नुसतं क्षेत्रफळ लिहीत नाही, मापंही लिहिते: "साठवणीची जागा, ६ फूट × ६ फूट, क्षेत्रफळ ३६ चौरस फूट." वाचणारा स्वतः गुणाकार करून पाहू शकतो आणि आपलं टंकन चुकलं असेल तर ते तिथेच उघडं पडतं.

फूट-इंच आणि दशांश

मापांवर आलोच आहोत तर याच घरातली दुसरी वाळवी. टेपने मोजणारा सांगतो, "दहा फूट दहा इंच." लिहून घेणारा "१०.१०" लिहितो. हा आकडा संगणकातल्या तक्त्यात गेला की शेवटचं शून्य गळतं आणि उरतं १०.१. आता ते दहा फूट आणि एक दशांश फूट झालं, म्हणजे जेमतेम सव्वा इंच. मूळ माप मात्र १०.८३ फूट होतं, कारण फुटात बारा इंच असतात आणि दशांशात दहा भाग.

खोली १० फूट १० इंच × १४ फूट ८ इंच असेल तर तिचं खरं क्षेत्रफळ सुमारे १५८.९ चौरस फूट. "१०.१० × १४.८" असा गुणाकार केला तर १४९.५ येतात. नऊ चौरस फूट हवेत विरले, तेही एका खोलीत. हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. मोजमापाच्या यादीत बिंदूनंतर .१० किंवा .११ असे आकडे आले, पण .१२ ते .९९ मधला एकही कुठे नाही, तर ती यादी बहुधा फूट-इंचांची आहे आणि कुणीतरी तिला दशांश समजून गुणलं आहे. अशा वेळी टेप धरणाऱ्यालाच विचारावं. आकड्यांकडे बघून अंदाजाने दुरुस्ती करू नये, कारण "१०.६" म्हणजे दहा फूट सहा इंच की दहा आणि सहा दशांश, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही.

तक्त्यात फूट आणि इंच वेगळ्या रकान्यांत ठेवले की प्रश्न मिटतो. एकाच खान्यात लिहायचंच असेल तर असं:

```
=(10+10/12)*(14+8/12)
```

चौरस मीटरचे चौरस फूट करताना बाकी का बदलली

आता त्या पत्राचा गाभा. क्षेत्रफळ चौरस मीटरमध्ये, दर चौरस फुटाला आणि रक्कम या दोघांच्या गुणाकारातून आलेली. अशा पत्रात रूपांतर कुठेतरी होणारच, आणि प्रत्येक जण ते आपापल्या पद्धतीने करतो.

रूपांतराचा पाया पक्का आहे. १९५९ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार एक फूट म्हणजे नेमके ०.३०४८ मीटर. याचा वर्ग केला की एक चौरस फूट म्हणजे नेमके ०.०९२९०३०४ चौरस मीटर. यात कुठेही "सुमारे" नाही. उलटं केलं, म्हणजे एका चौरस मीटरचे चौरस फूट काढले, की मात्र १०.७६३९... असा न संपणारा अपूर्णांक येतो आणि इथेच फाटे फुटतात. कुणी १०.७६ धरतो, कुणी १०.७६४, आणि घाईतला माणूस आधी क्षेत्रफळच पूर्णांकात आणतो.

आपल्या सदनिकेवर हे करून पाहू. क्षेत्रफळ ६८.७५ चौरस मीटर, दर चौरस फुटाला ८,५०० रुपये, आधी भरलेले ५६,४०,००० रुपये.

लिहिणाऱ्याने अचूक रूपांतर केलं, ७४०.०२ आले, त्याने ते ७४० चौरस फूट धरले. एकूण ६२,९०,०००, बाकी ६,५०,०००.

वाचणाऱ्याच्या मुलाने १०.७६ ने गुणलं. ७३९.७५ चौरस फूट, एकूण ६२,८७,८७५, बाकी ६,४७,८७५.

त्यांच्या हिशेबनिसाने १०.७६४ घेतले आणि पूर्णांक केलाच नाही. ७४०.०२५, एकूण ६२,९०,२१२.५०, बाकी ६,५०,२१२.५०.

आणि कुणीतरी आधी ६८.७५ चे ६९ केले, मग गुणलं. ७४२.७१६, एकूण ६३,१३,०८६, बाकी ६,७३,०८६.

गुणाकार कुणाचाच चुकलेला नाही. तरी सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या बाकीत २५,२११ रुपयांचं अंतर आहे. एकूण रकमेकडे पाहिलं तर हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी दिसतो, म्हणून कुणी मनावर घेत नाही. पण भरलेली रक्कम ठरलेली असल्यामुळे सगळा फरक बाकीवर येऊन पडतो, आणि बाकीच्या मानाने तो जवळपास चार टक्के होतो. भांडण नेहमी बाकीवरूनच का होतं याचं कारण हे.

दोष शोधायला सोपी पायरी आहे. समोरच्याला एकूण रक्कम विचारू नका, "तुम्ही चौरस फूट किती धरलेत?" एवढंच विचारा. तो आकडा ७३९.७५ असेल तर १०.७६ वापरलेलं आहे, ७४२ च्या वर असेल तर आधी पूर्णांक केला आहे. एका आकड्यावरून त्याचा पूर्ण हिशेब कळतो. उत्तर २२५ च्या आसपास आलं तर त्याने ३.२८ ने गुणलं आहे. ते लांबीचं गुणक आहे, क्षेत्रफळाचं नाही. ही चूक वाटते त्यापेक्षा जास्त वेळा होते. पडताळणीसाठी एवढं पुरे, की चौरस फुटांचा आकडा चौरस मीटरच्या दहापटीपेक्षा जास्त आणि अकरापटीपेक्षा कमी हवा. ६८.७५ चे म्हणजे ६८७ ते ७५६ च्या मधले. याबाहेर गेलं की थांबायचं.

दुरुस्तीत मी तीन गोष्टी पत्रात स्पष्ट लिहिते. मोजणी मुळात कोणत्या एककात झाली, रूपांतर कसं केलं आणि रक्कम कोणत्या आकड्यावर काढली. शब्द असे:

> सदनिकेचे क्षेत्रफळ, मूळ मोजणीनुसार, ६८.७५ चौरस मीटर. रक्कम काढण्यासाठी हे क्षेत्रफळ ७४० चौरस फूट (१ चौरस फूट = ०.०९२९०३०४ चौरस मीटर, जवळच्या पूर्णांकात) धरले आहे. दोन्ही आकड्यांत तफावत वाटल्यास क्षेत्रफळासाठी चौरस मीटरचा आणि रकमेसाठी ७४० चौरस फुटांचा आकडा ग्राह्य.

शेवटचं वाक्य काहींना जास्तीचं वाटतं. मला ते सर्वांत उपयोगाचं वाटतं. दोन एककांत लिहिलेलं क्षेत्रफळ म्हणजे दोन घड्याळं एका भिंतीवर, ती कधी ना कधी मागेपुढे होणार. कोणतं घड्याळ खरं हे आधीच सांगून ठेवलं की वाद उरत नाही.

पूर्णांक कधी करायचा, तर एकदाच आणि शेवटी. दोन दशांशांतल्या चौरस मीटरवरून चौरस फूट काढून ते "७४०.०१८८" असे लिहिणं मात्र दुसऱ्या टोकाचं आहे. मूळ मापात एक शतांश चौरस मीटर इतकाच बारकावा आहे, म्हणजे चौरस फुटात सुमारे एक दशांश. त्यापुढचे आकडे मोजलेले नाहीत, भागाकारातून आलेले आहेत. तक्त्यात हे असं होतं:

```
=ROUND(CONVERT(68.75,"m^2","ft^2"),0)
```

इथे "m" आणि "ft" लिहिलंत तर सूत्र तक्रार न करता २२६ देईल. ते लांबीचं रूपांतर. म्हणून दहापट-अकरापटीची पडताळणी सूत्र वापरलं तरी सोडू नये.

एक गोष्ट मात्र रूपांतराने सुटत नाही: क्षेत्रफळ कशाचं? भिंतींच्या आतल्या जागेचं, भिंती धरून, की जिना-मार्गिकेतला वाटा धरून? चटई क्षेत्र, बांधीव क्षेत्र या शब्दांच्या व्याख्या ठिकाणागणिक आणि काळागणिक बदललेल्या आहेत. म्हणून नुसतं नाव लिहून भागत नाही. "चटई क्षेत्र, बाहेरच्या भिंती न धरता, सज्जा न धरता" एवढं लिहावं आणि आकडा कोणत्या कागदावरून घेतला त्या कागदाचं नाव व तारीख द्यावी. ज्या कागदात व्याख्या दिलेली नाही त्यावरून आपण व्याख्या बनवू नये. "त्या कागदात नमूद केल्याप्रमाणे" असं लिहून मोकळं व्हावं.

सहा पॉइंट पाच लाख

रकमेबद्दल लोक "अंकी आणि अक्षरी लिहा" एवढं सांगून थांबतात. ते बरोबर आहे, पण माझ्याकडे परत आलेल्या पत्रांत अक्षरी रक्कम असूनही घोळ झालेला असतो.

"६.५ लाख" मधली अडचण बोलण्यात आहे. पत्र हातात घेऊन कुणी फोनवर वाचून दाखवतं, "सहा पाच लाख," आणि ऐकणारा सहा लाख पाच हजार लिहितो. रकमेला दशांश लावून लाख-कोटी जोडायचे हे बातमीत ठीक आहे. ज्या पत्रावरून पैसे भरले जाणार त्यात पूर्ण आकडा हवा: ६,५०,०००. पत्र लाख-कोटीची सवय नसलेल्या माणसाकडे जाणार असेल तर स्वल्पविरामांची जागा त्याला चुकीची वाटेल, कारण त्याच्याकडे तो ६५०,००० असा लिहितात. काही देशांत तर दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारांसाठी बिंदू असतो. तिथे अक्षरी रक्कम "सहाशे पन्नास हजार" असा खुलासा जोडून दिली की काम होतं. पण एका पत्रात दोन्ही प्रकारचे स्वल्पविराम मिसळू नका.

अक्षरी रकमेचा खरा शत्रू म्हणजे जुनं पत्र. मागच्या महिन्याचं पत्र उघडायचं, आकडा बदलायचा, छापायचं. अंकी रक्कम बदलते, अक्षरी तशीच राहते. आकडा आणि अक्षर जुळलं नाही की सर्वसाधारणपणे अक्षरी रक्कम खरी धरायचा प्रघात आहे, म्हणजे नेमका आपण न बदललेला मजकूरच जिंकतो. नुसतं पुन्हा वाचून हे सापडत नाही, कारण आपले डोळे आकडा बघतात आणि शब्दांवरून घसरतात. मी अक्षरी रक्कम शेजारच्या टेबलावरच्या माणसाला वाचून दाखवते आणि तो कागद न बघता आकडा लिहितो. दहा सेकंदांचं काम आहे. एकदा माझ्याच पत्रात एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांची अदलाबदल अशी सापडली. मराठीतली ही एकोण-कुटुंबं आणि त्रेसष्ट-त्र्याहत्तर ही भावंडं कानाने पटकन वेगळी ओळखता येतात, डोळ्यांनी तितकी नाही.

पावणेदोनशे, सव्वादोन लाख, अडीच हजार हे शब्द बोलायला गोड आहेत. पत्रात नकोत. "सव्वादोन लाख" याचे दोन लाख पंचवीस हजार होतात हे ज्याला माहीत आहे त्यालाही क्षणभर थांबावं लागतं, आणि हे शब्द लहानपणी कानावर न पडलेला माणूस तर अंदाजच करतो.

अंकांच्या लिपीबद्दल दोन शब्द. देवनागरी किंवा इंग्रजी, कोणतेही अंक चालतील, पण एका पत्रात एकच लिपी ठेवा. देवनागरी १ हा इंग्रजी 9 सारखा दिसतो आणि देवनागरी ४ हा इंग्रजी 8 सारखा. पत्र पूर्ण एका लिपीत असेल तर वाचणाऱ्याचा डोळा स्थिरावतो. तारीख एका लिपीत आणि रक्कम दुसऱ्या लिपीत असेल तर फोटोकॉपीच्या फोटोकॉपीवर कुणीही फसेल. हाताने लिहिताना आकड्यानंतर येणारी "/-" ही खूणही जपून. तिरकी रेघ सरळ झाली की ती एक होते आणि रक्कम दहापट दिसते. मी त्या जागी "फक्त" लिहिते.

०५/०६

पाच जून की सहा मे? आपण दिवस आधी लिहितो, काही जण महिना आधी लिहितात, आणि संगणक त्याच्या सेटिंगनुसार तिसरंच काही ठरवतो. ही चूक महिन्याच्या पहिल्या बारा दिवसांतच लपते. १३/०६ मध्ये शंका नाही, कारण तेरावा महिना नसतो. म्हणून ज्याने पत्रं विसाव्या तारखेनंतर पाठवली त्याला कधी प्रश्नच पडला नसतो, आणि तो छातीठोक सांगतो, "आमच्याकडे असं होत नाही."

तारखा तक्त्यात असतील तर निदान बघून करता येतं. रकाना जसा आहे तसा ठेवा, मध्यभागी वगैरे आणू नका. काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसत असतील तर संगणक महिना आधी वाचतो आहे. उजवीकडच्या त्याला तारखा म्हणून समजल्या, डावीकडच्यांत तेरा किंवा जास्त आकडा आल्यामुळे त्याने त्यांना नुसता मजकूर मानलं. इथे घातक त्या डावीकडच्या नाहीत, उजवीकडच्या आहेत. त्या दिसायला व्यवस्थित असतात, पण त्यांचे दिवस-महिने उलटलेले असू शकतात.

पत्रात उपाय सोपा आहे. महिना अक्षरांत, वर्ष चार अंकांत आणि शेजारी वार: "गुरुवार, ५ जून २०२५". वार हा शोभेसाठी नाही, तो पडताळणीसाठी आहे. ६ मे २०२५ हा मंगळवार होता. म्हणजे तारीख लिहिताना कुठे अदलाबदल झाली तर वार जुळत नाही आणि वाचणारा लगेच विचारतो. वर्ष गाळणं तर मालमत्तेच्या कागदात नकोच, कारण ही पत्रं दहा वर्षांनीही बाहेर निघतात.

आणि मग "दहा दिवसांत". कोणत्या दिवसापासून? पत्रावरच्या तारखेपासून, पाठवल्याच्या, की पोहोचल्याच्या? पहिला दिवस धरायचा की सोडायचा? समजा पत्रावरची तारीख ५ जून असेल, तर तो पहिला दिवस धरला की दहावा दिवस १४ जून, सोडला की १५ जून. त्या वर्षी १५ जून रविवार होता, म्हणजे बँक बंद असेल तर सोमवारी भरलेली रक्कम वेळेत की उशिरा, हा तिसरा वाद. हे सगळं टाळायचं तर मुदत दिवसांत मोजून लिहूच नये, शेवटची तारीख लिहावी: "सोमवार, १६ जून २०२५ या दिवशीपर्यंत, तो दिवस धरून." कायद्याने किंवा करारात दिवसांची संख्याच ठरलेली असेल तर ती लिहावी लागते. तेव्हा ती लिहून शेजारी आपण काढलेली तारीख द्यावी आणि कोणत्या दिवसापासून मोजलं तेही.

मासिक हप्त्यांत आणखी एक खड्डा आहे. पहिला हप्ता ३१ जानेवारीला, पुढचा "एक महिन्याने". फेब्रुवारीत एकतीस नाही, म्हणून तारीख २८ वर येते. आता तिसरा हप्ता त्या २८ वरून मोजला तर २८ मार्च, आणि त्यानंतर कायम २८. सुरुवातीच्या तारखेवरून मोजला तर ३१ मार्च. तक्त्यात प्रत्येक हप्ता आधीच्या हप्त्यावरून काढू नका, पहिल्या तारखेवरूनच काढा:

```
=EDATE(DATE(2025,1,31),2)
```

सूत्रात DATE वापरण्याचं कारण तेच, ०५/०६ चा घोळ तिथे होऊच शकत नाही. मात्र पत्रात हप्त्यांच्या तारखा एकेक करून लिहून द्याव्यात. वाचणाऱ्याने आपलं सूत्र चालवावं अशी अपेक्षा नको.

पत्र गेलेलं असेल तर

शंका आली म्हणजे पत्र बाहेर पडलेलं आहे. इथे मोह होतो तो जुनी फाइल उघडून आकडा सुधारण्याचा आणि त्याच तारखेचं "योग्य" पत्र पुन्हा पाठवण्याचा. तसं केलं की एकाच तारखेची, वेगवेगळ्या आकड्यांची दोन पत्रं तयार होतात, आणि मग कुठलं खरं हे दोन्ही बाजूंना सिद्ध करावं लागतं. फोनवर खुलासा केला असेल तरी तो कागदावर येत नाही.

त्याऐवजी नव्या तारखेचं छोटं दुरुस्तीपत्र पाठवावं. त्यात जुनं वाक्य जसंच्या तसं, चुकीसकट उद्धृत करावं आणि खाली नवं द्यावं. आमचं दुरुस्तीपत्र असं गेलं:

> आमच्या मंगळवार, १० जून २०२५ च्या पत्रातील "६८.७५ मी. सदनिकेची बाकी ६.५ लाख दहा दिवसांत भरावी" हे वाक्य रद्द समजून त्याऐवजी पुढीलप्रमाणे वाचावे:
>
> "सदनिकेचे क्षेत्रफळ ६८.७५ चौरस मीटर. रक्कम काढण्यासाठी ७४० चौरस फूट धरले आहे. दर ८,५०० रुपये प्रति चौरस फूट. एकूण ६२,९०,००० रुपये. यापूर्वी मिळालेले ५६,४०,००० रुपये. बाकी ६,५०,००० रुपये (अक्षरी सहा लाख पन्नास हजार रुपये फक्त). ही रक्कम सोमवार, २३ जून २०२५ या दिवशीपर्यंत, तो दिवस धरून, भरावी."
>
> साठवणीची जागा: ६ फूट × ६ फूट, क्षेत्रफळ ३६ चौरस फूट. आपल्या ज्या पत्राला हे उत्तर आहे त्याची तारीख गुरुवार, ५ जून २०२५.
>
> पत्रातील इतर मजकूर कायम आहे.

मुदत इथे पुढे सरकवली आहे हे लक्षात घ्या. आपल्या संदिग्ध वाक्यामुळे समोरच्याचे दिवस गेले असतील तर जुनी मुदत कायम ठेवणं त्याला पटत नाही, आणि पुढचा सगळा पत्रव्यवहार मग त्या मुदतीवरच अडकतो. या पत्रानंतर हिशेबनिसाचा फोन आला होता. त्याने एवढंच विचारलं, "२१२ रुपये ५० पैसे जास्त आलेत आमच्याकडे, ते सोडून द्यायचे ना?" ७४० पूर्णांक धरल्याचं वाक्य त्याला दाखवलं, आणि त्याने त्याच्या वहीतला आकडा खोडला.